चिठ्ठी दोनदा लिहिली

डिचोली, गोवा
रविवार

प्रिय नंदा,
सप्रेम नमस्कार.

चवथीनंतर तुला पत्र लिहीन म्हटलं होतं, तो आज मुहूर्त लागला. गेल्या महिन्यात मी एकच चिठ्ठी दोनदा लिहिली, त्याची गोष्ट सांगायची आहे.

माझ्या चौथीच्या वर्गात रोहन म्हणून मुलगा आहे. वर्गात चुणचुणीत, पण गृहपाठाची वही कोरी. मी रागाने डायरीत लिहिलं, "पाल्याचा गृहपाठ वारंवार अपूर्ण असतो, कृपया लक्ष द्यावे." खाली सही आली आणि वही कोरीच राहिली. राहणारच. 'लक्ष द्यावे' म्हणजे नक्की किती वाजता काय करायचं, हे त्यात कुठे होतं? पर्वरीला डी.एड. करताना आपण असल्या शेऱ्यांची टिंगल करायचो, आठवतं?

मग मी दोन आठवडे नुसती नोंद ठेवली. बारा दिवसांत सात वेळा गृहपाठ नव्हता. पहिल्या आठवड्यात पाच वेळा, दुसऱ्यात दोनदा. आईला शाळेत बोलावलं तेव्हा उलगडा झाला. तिचा रस-ऑम्लेटचा गाडा आहे, संध्याकाळी सहापासून रात्री दहापर्यंत. बाबा कारखान्यात, त्यांची शिफ्ट दर आठवड्याला बदलते. पहिल्या आठवड्यात त्यांची दुसरी शिफ्ट होती, दुपारी दोन ते रात्री दहा. म्हणजे घरी फक्त आजी, आणि सात वाजता तिची सिरियल. टीव्ही आणि चांगला दिवा एकाच खोलीत.

आजीही सोबत आली होती. ती म्हणाली, "टीचर, म्हाका वाचपाक येना. तो बरयता काय ना तें म्हाका कशें कळटलें?" नंदा, मी खजील झाले. माझी चिठ्ठी जिच्या हाती रोज पडत होती, तिला ती वाचताच येत नव्हती.

राहिले दुसऱ्या आठवड्यातले दोन दिवस. तेव्हा तर बाबा घरी होते. मी वही उघडून बसले. दोन्ही दिवशी वजाबाकीच दिली होती आणि दोन्ही दिवशी मध्ये शून्य असलेल्या संख्या होत्या. त्याला जवळ बसवून 402 वजा 178 करायला सांगितलं. त्याने झटकन 376 लिहिलं! दोनातून आठ जात नाहीत, म्हणून आठातून दोन वजा केले. शून्यातून सात जात नाहीत, म्हणून सातच ठेवले. दशकाच्या घरात शून्य असेल तर आधी शतक सुटं करायचं असतं, ते त्याला उमगलंच नव्हतं. ते दोन दिवस आळसाचे नव्हते, तो तिथे अडला होता. हे काम घरच्यांचं नव्हे, माझं. दुसऱ्या दिवशी काड्यांचे गठ्ठे सोडून त्याच्याकडून 224 काढून घेतले.

मग दुसरी चिठ्ठी अशी लिहिली:

"रोहनच्या आई-बाबांस नमस्कार. रोहन वर्गात छान उत्तरं देतो. घरचा अभ्यास मात्र बारापैकी सात दिवस झाला नाही. आपण मिळून दोन आठवडे एक करून पाहू. आई गाड्यावर जाण्याआधी, साडेपाचला, त्याला वही काढून बसवावं. टीव्ही बंद. आधी तो आजीला धडा मोठ्याने वाचून दाखवील, मग गणितं करील. वीस मिनिटं झाली की थांबायचं, अपूर्ण असलं तरी. आजीने तिथे एक गोल काढावा. त्यापुढचं मी शाळेत बघीन, रागावणार नाही. उत्तरं कोणी सांगू नयेत, तो कुठे अडतो ते मला दिसलं पाहिजे. अभ्यास फळ्यावरून त्याने नीट उतरवला की नाही, ते मी सुटण्याआधी तपासीन."

वीस मिनिटं का, तर आठवड्याचे सहा दिवस धरले की बरोबर दोन तास होतात. केंद्राच्या 2020 च्या दप्तर धोरणात तिसरी ते पाचवीसाठी आठवड्याला तेवढाच गृहपाठ सांगितला आहे. खरं सांगू? हिशेब केला तेव्हा कळलं, मी याच्या दीडपट देत होते.

चिठ्ठी डायरीत पाठवली नाही, आईला आणि आजीला समोर बसवून वाचून दाखवली. आई म्हणाली, "साडेपाचला मी कांदा कापत असते." म्हटलं, कापा की, त्याला शेजारी बसवा.

पहिल्या आठवड्यात सहापैकी चार गोल आले. एका दिवशी उत्तरं सगळी बरोबर आणि अक्षर भलतंच वळणदार! आईनेच लिहिलं होतं. मी काही बोलले नाही, तीच गणितं रोहनला फळ्यावर करायला लावली. दुसऱ्या आठवड्यात पाच गोल. एक राहिला त्या दिवशी आजी देवळात आरतीला गेली होती, असं रोहननेच आपणहून सांगितलं.

आता अडचण पुढची आहे. गावच्या जत्रा सुरू झाल्या की गाडा तिकडे जाणार आणि आई दुपारीच घर सोडणार. साडेपाचला मग कोण बसवणार? आजीला वेळ सांभाळता येईल का, की शेजारच्या सहावीतल्या मुलीला सांगू? तुझ्याकडे मासळी विकणाऱ्या बायकांची मुलं आहेत, तू काय करतेस ते सविस्तर लिही.

तुझी,
सुमन

ता. क. आजीचे गोल हळूहळू मोठे होत चाललेत. कालचा तर अर्धं पान खाऊन बसला होता.