ब्लीचला नाही म्हणणाऱ्या ताईंना

नमस्कार ताई,

तुमच्या पार्लरमध्ये मी हायलाइट्स करून घ्यायला आले होते. काळ्या रंगात बारीक पांढऱ्या बटा मिसळायच्या, म्हणजे रंगवणं सोडल्याचं कुणाला कळणार नाही, असा माझा हिशेब. हे महागडं काम तुम्ही सहज घेतलं असतं. पण तुम्ही आधी विचारलं, "यापूर्वी काय लावत होत्या?"

काळा डाय, आणि त्याआधी कित्येक वर्षं पाकिटातली काळी मेंदी. ते ऐकून तुम्ही मानेजवळची एक बारीक बट कापली आणि तिला ब्लीच लावलं. बट पांढरी झालीच नाही, तांब्याच्या भांड्यासारखी केशरी झाली. ओली असताना ओढली तर ताणली गेली आणि तुटली. थरावर थर बसलेला काळा रंग एका बैठकीत उतरत नाही. शिवाय काही काळ्या मेंद्यांत धातूचे क्षार असतात, त्यांवर ब्लीच पडलं की केस तापून जळू शकतात, हेही तुम्ही सांगितलं.

मग मुळांकडे बघून म्हणालात, "पांढरे पुढेच जास्त आहेत, मागचे अजून काळेच. पट्टा दिसेल तो भांगाजवळ." म्हणून रंग थांबवायचा, भांग सरळ न पाडता नागमोडी पाडायचा आणि लांबी कमी करायची. केस महिन्याला साधारण सव्वा सेंटीमीटर वाढतात. खांद्याखालचे पंचवीस-तीस सेंटीमीटर बदलायला दोन वर्षं लागली असती; हनुवटीपर्यंत कापल्यावर तेच काम वर्षभराचं झालं.

माझ्या नणंदेला मात्र तुम्ही मिश्रणच सुचवलंत. तिचे पांढरे केस सगळीकडे विखुरलेले, रंग फिक्या तपकिरी छटेचा, त्यामुळे थोड्या ब्लीचमध्येच रंग उतरला. पण वरचा राखाडी टोनर महिना-दीड महिन्यात धुऊन जातो आणि तिला पुन्हा यावं लागतं. तिला ते चालतं, मला नसतं चाललं.

आखाजीला माहेरी गेले तेव्हा मावशी म्हणाली, "म्हतारी दिखस माय तू!" तेव्हा पट्टा चांगला बोटभर रुंद होता, म्हणजे अगदी वाईट टप्पा. त्या दिवसांसाठी तुम्ही दिलेली मुळांवर लावायची पावडर कामी आली. ती पाण्याने निघते, म्हणून वाढलेल्या केसांचं काही बिघडलं नाही.

आपल्याकडच्या उन्हाने आणि बोअरच्या पाण्याने पांढरे केस पिवळे पडतात, तेही तुम्ही आधीच बजावलं होतं. जांभळा शाम्पू आठवड्यातून एकदाच लावते आणि दोन-तीन मिनिटांत धुते. एकदा फोनवर बोलत बसले तर कपाळावरचे केस जांभळट झाले. पुढच्या धुण्याला गेले म्हणा.

आता कापायला शेंड्याचे थोडे काळे उरलेत. लग्नसराईत तुमच्याकडे गर्दी असेल, म्हणून भर दुपारी येईन. मनापासून आभार, ताई.