‘किल्ला’विषयी घरच्या ग्रुपवर काय लिहावे

प्रिय सुधीर,

सप्रेम नमस्कार. आमच्याकडे सर्वांची प्रकृती ठीक आहे, आईचा गुडघा पावसाळ्यात दुखतो तसा दुखतो आहे. हे पत्र मात्र एका वेगळ्याच कामासाठी लिहितो आहे, आणि ते तुझ्याखेरीज दुसऱ्या कोणाला लिहिण्यात अर्थ नव्हता.

आमच्या घरच्या ग्रुपवर सध्या असे ठरले आहे की दर आठवड्याला एकाने एक चित्रपट सुचवायचा आणि तो कोणाला आवडेल हे चार-सहा ओळींत लिहायचे. या वेळी पाळी माझी आहे आणि मी ‘किल्ला’ निवडला आहे. आता अडचण तुझ्या लक्षात आली असेल. ग्रुपवर वहिनी आहेत, आणि त्यांच्या फोनवरचे सगळे संदेश सोहम वाचतो. दादा जाऊन अजून वर्ष झालेले नाही, आणि ‘किल्ला’तल्या चिन्मयचे वडीलही नुकतेच गेलेले आहेत. आई सरकारी नोकरीत आहे, तिची बदली होते आणि अकरा वर्षांचा चिन्मय पुणे सोडून कोकणातल्या एका लहान गावी येतो. हे सगळे ठाऊक असताना केवळ ‘हळुवार चित्रपट, अवश्य बघा’ एवढे लिहून मोकळे होणे मला जमणार नाही.

तुझे म्हणणे काय असेल ते मी आधीच ऐकू शकतो. रत्नागिरीच्या त्या खोलीत आपण रात्र रात्र याच मुद्द्यावर भांडलो आहोत. तुझ्या मते चित्रपटाविषयी आधी काहीही सांगू नये, बघणाऱ्याने कोऱ्या मनाने बसावे, आणि मी म्हणत असे की गोष्टीतले गुपित वेगळे व गोष्टीची जमीन वेगळी. वडील नसणे ही या चित्रपटाची जमीन आहे. पहिली दृश्ये संपण्यापूर्वीच ते कळते, त्यामुळे ते सांगितल्याने कोणाचाही रसभंग होत नाही. उलट ते न सांगता सोहमला त्या चित्रपटापुढे बसवणे मला गैर वाटते. शेवटाविषयी मात्र मी एक अक्षरही लिहिणार नाही. मुलाला गाव आपले वाटू लागते न लागते तोच काय घडते, ते ज्याचे त्याने पाहावे. एवढ्यापुरते तुझे म्हणणे मी मान्य केले आहे, हे नोंदवून ठेव.

काल बसून पहिला मसुदा केला. त्यात सुरुवातीलाच २०१४च्या बर्लिन महोत्सवातल्या मुलांच्या विभागात मिळालेल्या पारितोषिकाचा आणि राष्ट्रीय पुरस्काराचा उल्लेख होता, मग अविनाश अरुण हेच दिग्दर्शक आणि छायाचित्रणकारही आहेत हे सांगून पावसाविषयी दोन लांब वाक्ये लिहिली होती. वाचताना लक्षात आले की फोनवर संदेशाच्या पहिल्या काही ओळीच दिसतात आणि उरलेले ‘आणखी वाचा’च्या मागे जाते. म्हणजे वहिनींना पारितोषिके दिसली असती आणि जे त्यांनी आधी वाचायला हवे ते झाकले गेले असते. म्हणून पुरस्कार काढून टाकले आणि वडिलांचे वाक्य वर घेतले. ‘हृदयस्पर्शी’ हा शब्दही काढला, कारण तो आमच्या ग्रुपवर प्रत्येक चित्रपटाला लागतो आणि त्यावरून आजीने बघावा की मोठ्या काकांनी, हे कळत नाही.

खरा प्रश्न कोणाला आवडेल हाच आहे, आणि तिथे माणूस माणूस डोळ्यांपुढे आणावा लागतो. मोठे काका निवृत्त होईपर्यंत दर तीन वर्षांनी बिऱ्हाड हलवत राहिले. नव्या कचेरीत बाहेरून आलेल्या बाईकडे सहकारी कसे पाहतात आणि कागदावर सही करण्यापूर्वी तिला किती विचार करावा लागतो, हे त्यांच्याइतके कोणालाच कळणार नाही, म्हणून त्यांना अमृता सुभाष यांच्या कामाकडे लक्ष द्यायला सांगितले आहे. (पडद्यावर कचेरी दिसली की काका फायली कशा लावल्या आहेत ते आधी पाहतात, हे तुला माहीत आहेच.) सोहमच्या वयाच्या मुलांना बंड्या आवडेल. पार्थ भालेरावने तो असा उभा केला आहे की वर्गातल्या खऱ्या खोडकर मुलाची आठवण यावी. पण मिनूसारख्या सहा वर्षांच्या मुलीला हा चित्रपट लांबेल. त्यात घटना थोड्या आहेत, माणसे बराच वेळ गप्प असतात, आणि कॅमेरा समुद्राकडे किंवा ओल्या रस्त्याकडे पाहत थांबतो. ज्यांना सतत काहीतरी घडायला हवे त्यांनी बसू नये, हेही स्पष्ट लिहिले पाहिजे, नाहीतर अर्ध्या तासात अर्धे घर उठून जाईल आणि उरलेल्यांना नीट बघताही येणार नाही.

सर्वांत जास्त वेळ किल्ल्यातल्या प्रसंगाने घेतला. मुले सायकलींवरून किल्ल्यात जातात, जोराचा पाऊस येतो, आणि चिन्मय त्या भिंतींमध्ये एकटाच राहतो, बाकीचे त्याला सोडून निघून गेलेले असतात. तो हाका मारत धावतो तेव्हा त्याला मित्रांपेक्षा मोठे कोणीतरी हवे असते, असे मला वाटते. मुलाचा राग मित्रांवर निघतो, आईवर निघतो, आणि ज्याच्यावर तो खरा आहे ते माणूस तर राग झेलायलाच उरलेले नाही. सोहम सध्या वहिनींशी जसा तुटक बोलतो ते पाहून मला हाच चित्रपट आठवला होता. तू दापोलीला नव्या शाळेत आलास तेव्हा तूही अण्णांविषयी कोणाला सांगितले नव्हतेस. मला ते पुढच्या वर्षी कळले, आणि तेही तुझ्या आईकडून. म्हणून तुला विचारतो आहे: त्या वयात कोणी तुला असा चित्रपट दाखवला असता, तर बरे वाटले असते की तू उठून गेला असतास?

आत्ता संदेश असा आहे:

‘किल्ला, २०१५. वडील गेल्यानंतर आईच्या बदलीमुळे पुण्याहून कोकणात आलेल्या अकरा वर्षांच्या मुलाची गोष्ट. वडिलांची उणीव शेवटपर्यंत जाणवते, पण रडवण्यासाठी काही केलेले नाही. दहा-बारा वर्षांच्या मुलांना मित्रांची भांडणे आणि बंड्या आवडेल. बदलीची नोकरी केलेल्यांना आईची बाजू फार जवळची वाटेल. आजीला पाऊस आणि समुद्र आवडेल, आवाज थोडा मोठा ठेवावा. गती संथ आहे, लहान मुले कंटाळतील. किल्ल्यातला प्रसंग मुलांनी मोठ्यांसोबत बघावा.’

शेवटचे वाक्य ठेवावे की नाही, हे अजून ठरत नाही. ते सोहमला उद्देशून आहे असे त्याला वाटले तर तो मुळीच बघणार नाही. ते काढून वहिनींना आधी फोन करून सगळे सांगावे आणि ग्रुपवर कधी टाकायचे ते त्यांनाच ठरवू द्यावे, इकडे माझा कल झुकतो आहे.

तुझ्या घराच्या पत्र्याचे काम झाले का? रेवाच्या प्रवेशाचेही कळव. वहिनींना मी शुक्रवारी फोन करणार आहे, तोपर्यंत तुझे उत्तर आले तर बरे होईल. लांब लिहू नकोस, एवढेच सांग की ते वाक्य ठेवू की काढू.

तुझा,
विनायक