सेल्फीवरचा शिक्का म्हणजे हजेरी नव्हे

मा. नगरविकास मंत्री महोदय,
महाराष्ट्र राज्य

सप्रेम नमस्कार.

मी एका नगरपरिषदेत सफाई कामगारांच्या हजेरीचे सेल्फी तपासतो. कंत्राटदाराचे मुकादम पहाटे व्हॉट्सॲप गटात फोटो टाकतात, खाली तारीख, वेळ आणि अक्षांश-रेखांशाचा शिक्का असतो आणि त्यावरून बिल निघते. हा शिक्का पुरावा मानू नका, एवढ्यासाठीच हे पत्र.

डिसेंबरात एका प्रभागातून फोटो आला. शिक्क्यावर सकाळचे ६.२० वाजलेले, पण माणसाच्या पायाशी आखूड, ठळक सावली. आमच्याकडे त्या दिवसांत सूर्य उगवायलाच सात वाजतात! मागचे फोटो काढून पाहिले, तर चार दिवसांपूर्वीच्या फोटोतही तीच सायकल त्याच भिंतीला तशीच टेकलेली, जॅकेटची कॉलर तशीच एका बाजूने दुमडलेली. तारीख तेवढी बदललेली. अक्षांश-रेखांश सहाव्या दशांश स्थळापर्यंत जुळत होते. माणूस रोज त्याच कोपऱ्यावर उभा राहिला तरी जीपीएस दोन-चार मीटर इकडे-तिकडे होतेच, आणि पाचवा दशांश म्हणजे साधारण एक मीटर. मी त्या कोपऱ्यावर जाऊन चौकशी केली. तो कामगार आठवडाभर गावी होता.

यासाठी कसलीही करामत लागत नाही. शिक्का मारणाऱ्या काही ॲपमध्ये गॅलरीतला जुना फोटो घेऊन तारीख आणि ठिकाण हाताने भरता येते. फोनचे घड्याळ मागेपुढे करता येते. वर व्हॉट्सॲपवर फोटो नेहमीसारखा पाठवला की कॅमेऱ्याने फाइलमध्ये नोंदवलेली वेळ आणि ठिकाण पुसले जाते. आमच्या हाती उरते ते नुसते चित्र. तोच फोटो ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवला तर ही नोंद टिकते. अर्थात तीही बदलता येते, पण शिक्का आणि नोंद यांत फरक दिसला की विचारायला जागा मिळते.

मात्र संशय आला की लगेच पगार कापला, तर मार कामगारावर बसतो. आमच्याकडे एका ताईंचा खाडा याच घाईत लागला. फोटो सहाचा होता, पण रेंज नसल्याने गटात नऊला पोहोचला. ‘मागाहून काढला’ म्हणून दिवस कापला गेला, आणि तो परत मिळवायला त्यांना तीन महिने खेटे घालावे लागले. उंच इमारतींच्या गल्लीत जीपीएस भलतीच गल्ली दाखवते. कधी फोन आधीचेच ठिकाण धरून बसतो, मग आकडेही जुळतात. म्हणून नुसत्या आकड्यांवर मी कुणाची गैरहजेरी मांडत नाही.

माझी मागणी साधी आहे. हजेरी सुरू होताना रोज नवा आकडा कळवावा आणि कामगाराने तो खडूने पाटीवर लिहून फोटोत धरावा, म्हणजे कालचा फोटो आज चालणार नाही. संशयित फोटोंच्या जागी स्वच्छता निरीक्षकाने त्याच आठवड्यात न सांगता जावे. कामगाराचे म्हणणे लेखी घेतल्याशिवाय कपात करू नये. आणि जुना फोटो मुकादमाने टाकला असेल, तर वसुली कंत्राटदाराच्या बिलातून व्हावी, कामगाराच्या पगारातून नव्हे.

आपला,
हजेरी तपासणारा एक कर्मचारी