सूचना : उपाययोजनेनंतर उरणाऱ्या व नव्याने उद्भवणाऱ्या जोखमींची नोंद

सर्व सदस्यांस कळविण्यात येते की, नागपूरच्या मे महिन्यातील उन्हात स्लॅबच्या काँक्रीटला तडे जाऊ नयेत म्हणून ओतकाम रात्री घेण्याचे ठरले, एवढ्यावरून जोखीम नोंदवहीतील ती ओळ ‘बंद’ करू नये. रात्री ओतलेला स्लॅब दुसऱ्या दिवशी तापतोच. त्यामुळे ही शिल्लक जोखीम त्याच ओळीत, शक्यता व परिणाम यांचे सुधारित गुण देऊन, क्युरिंग संपेपर्यंत उघडी ठेवावी. अपुऱ्या उजेडात मजूर पडण्याची जोखीम मात्र उपायातूनच उद्भवलेली, म्हणजे दुय्यम आहे. तिला स्वतंत्र क्रमांक, जबाबदार व्यक्ती आणि मूळ ओळीचा संदर्भ द्यावा (हा संदर्भच बहुधा राहून जातो), कारण रात्रपाळी रद्द झाल्यास दुय्यम नोंद बंद करून मूळ जोखमीचे गुण पुन्हा ठरवावे लागतात.