शाडूची मूर्ती आणली, पण तिच्यावरच्या रंगाचे काय?

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

घरच्या गणपतीची चर्चा दरवर्षी ‘पीओपी की शाडू’ इथेच सुरू होते आणि तिथेच संपते. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने मे २०२० मध्ये सुधारित मार्गदर्शक सूचना काढल्या, तेव्हा पीओपीबरोबर विषारी रासायनिक रंगांनाही नकार दिला होता. पीओपीचे सगळ्यांच्या लक्षात राहिले, रंगाचे राहिले नाही. आज बाजारात ‘शाडूची, पर्यावरणपूरक’ म्हणून मिळणाऱ्या कितीतरी मूर्तींवर चकाकणारा रंग आणि वर वॉर्निशचा हात असतो. अशी मूर्ती पाण्यात ठेवली की आतली माती फुगते, पण रंगाचा पापुद्रा तसाच राहतो. पाण्यावर सोनेरी-गुलाबी साली तरंगतात आणि खालची माती त्या कपच्यांमुळे पुन्हा वापरायच्या लायकीची उरत नाही. म्हणून माझे म्हणणे एवढेच आहे की मूर्ती ठरवताना मातीइतकाच रंगाचाही विचार करावा, आणि तो श्रावण लागण्याआधी करावा.

आधी का, तर एकदा मूर्तिशाळेत रंगकामाची घाई सुरू झाली की एका मूर्तीसाठी कोणी वेगळा रंग कालवत बसत नाही. आषाढात जाऊन ‘कच्ची मूर्ती हवी, रंग आम्ही देऊ, फक्त डोळ्यांची आखणी तुम्ही करा’ असे सांगितले, तर बहुतेक मूर्तिकार आनंदाने कबूल होतात. आखणी त्यांच्याकडूनच करून घ्यावी, मात्र साध्या जलरंगात. मूर्ती खरोखर शाडूची आहे ना, हे बघायचे तर बैठकीच्या तळाला ओले बोट घासावे. बोटाला करडा चिखल लागला तर माती आहे. पीओपीचा तळ पांढरा आणि कोरडाच राहतो.

घरी रंगवायला काव म्हणजे गेरू, पिवडी, शंखजिऱ्याची पूड आणि कोळशाची वस्त्रगाळ पूड एवढे पुरते. सोवळ्याला पिवडी, शेल्याला गेरू, दातांना आणि जानव्याला शंखजिरे, उंदराला कोळसा. अंगाला मातीचाच रंग ठेवला तर मूर्ती फार देखणी दिसते, हे माझे प्रामाणिक मत. दुकानातल्या गेरूत कधी कधी रंग मिसळलेला असतो. चिमूटभर पूड पेलाभर पाण्यात ढवळून तासभर ठेवावी. खरा गेरू तळाशी बसतो आणि वरचे पाणी निवळते. पाणी लालच राहिले तर ती पूड वापरू नये.

रंग मातीला धरून राहावा म्हणून बाभळीचा डिंक लागतो. चमचाभर डिंक अर्धी वाटी पाण्यात रात्रभर भिजवून गाळून घ्यावा आणि त्यात पूड दुधाच्या सायीइतकी दाट कालवावी. प्रत्येक डिंक वेगळा निघतो, त्यामुळे आधी मातीच्या तुकड्यावर लावून वाळू द्यावे आणि अंगठा फिरवावा. पूड बोटाला आली तर डिंक कमी पडला. रंग चकाकायला लागला आणि कडेने पोपडे सुटले तर जास्त झाला. कोळशाची पूड पाण्यात चटकन मिसळत नाही, तिला आधी थोड्या डिंकात घोटावे लागते.

हळद वापरायला हरकत नाही, पण उन्हात ती लवकर उडते, आणि मूर्तीला चुन्याचे अस्तर असेल तर पिवळी हळद तिथल्या तिथे लालसर होते. बिटाचा रस आणि पालकाचा हिरवा रंग सुचवणारे बरेच भेटतात. हे रंग दिसतात छान, पण थोड्याच दिवसांत तपकिरी पडतात आणि पावसाळी हवेत रसाच्या ओलीवर बुरशी धरते. देवाच्या मूर्तीवर तो प्रयोग करू नये.

असा रंग पाण्याला टिकत नाही, तेव्हा पूजेतही थोडे जपावे लागते. पंचामृताचा अभिषेक सुपारीवर किंवा ताम्हनातल्या धातूच्या गणपतीवर करावा आणि मूर्तीवर दूर्वेने नुसते प्रोक्षण करावे. मातीच्या मूर्तीला ही रीत जुनीच आहे. आरासीत थर्माकोलला तर आता कायद्यानेच जागा नाही. निर्माल्यातले हारांचे दोरे, जर आणि प्लॅस्टिकचे मणी रोजच्या रोज वेगळे काढले की पत्री, दूर्वा आणि जास्वंद घरच्या खताच्या टोपलीत सहज जिरतात. शेवटच्या दिवशी ओला ढीग उपसत बसायला माणूस कंटाळतो आणि सगळे एका पिशवीत जाते.

आता विसर्जन. ‘बादलीत कसले विसर्जन?’ हा घरातल्या वडीलधाऱ्यांचा आक्षेप मला समजतो. पण गणपती पार्थिव आहे, उत्तरपूजेत अक्षता वाहून देवाला निरोप दिला की मागे मातीच उरते. ती स्वच्छ पाण्यात विरघळावी, मग ते पाणी नदीचे असो की घंगाळातले. आमच्याकडची मूर्ती वीतभर उंचीची असते आणि ती मोठ्या घंगाळात पूर्ण बुडते. मूर्ती सोंडेपर्यंत बुडली नाही तर वरचा भाग तसाच राहतो, म्हणून भांडे आधीच मापून ठेवावे. मूर्ती आतपर्यंत वाळलेली हवी. सुकी शाडू पाणी शोषते आणि आपोआप ढासळते, ओलसर राहिलेली मात्र चिवट गोळ्यासारखी बसून राहते. हलवू नये, ढवळू नये. लहान मूर्ती साधारण रात्रभरात उतरते, जाड बैठकीला आणखी वेळ लागतो.

माती खाली बसली की वरचे निवळ पाणी झाडांना घालावे. खालचा गाळ मोरीत अजिबात ओतू नये, शाडू नळीत बसली की दगड होते. हातांत आधारासाठी तार किंवा काथ्या घातलेला असतो, तो काढून गाळ चाळणीतून जुन्या सुती धोतरावर ओतावा आणि पाणी निथळू द्यावे. कणकेइतका घट्ट झाला की गोळे करून वाळवावेत. ‘ही माती कुंडीत घाला, झाड येईल’ असे सर्रास सांगतात. नुसत्या शाडूत झाड येत नाही. ती फार बारीक असते, पाणी निचरत नाही आणि सुकल्यावर मुळे आवळते. कुंडीच्या मातीत मूठभर मिसळली तर चालते, बाकीची मूर्तीसाठीच ठेवावी. ही माती खाणीतून काढावी लागते, महाराष्ट्रात बरीचशी गुजरातेतून पोत्यांनी येते. गेरू-पिवडीने रंगवलेली मूर्ती भिजवली तर उरलेला गोळा किंचित लालसर दिसतो, पण मळायला आणि साच्यात दाबायला तो नव्या मातीइतकाच चांगला असतो. पुण्यात शाडू गोळा करून मूर्तिकारांना परत देण्याची ‘पुनरावर्तन’ मोहीम काही वर्षे चालते आहे.

माझी विनंती पालिकांना आहे. कृत्रिम तलावांवर अनेक ठिकाणी सगळ्या मूर्ती एकाच पाण्यात जातात, आणि पीओपीच्या लगद्यात मिसळलेली शाडू कोणालाच उपयोगी पडत नाही. जलरंगातल्या शाडूच्या मूर्तींसाठी प्रत्येक ठिकाणी एक वेगळी टाकी ठेवावी आणि तळाची माती जवळच्या मूर्तिशाळेला द्यावी. आपल्या वृत्तपत्रानेही कच्च्या मूर्ती देणाऱ्या मूर्तिशाळांची आणि वाळलेली शाडू स्वीकारणाऱ्या केंद्रांची विभागवार यादी आषाढातच छापावी, म्हणजे वाचकांना वेळेवर मूर्ती सांगून ठेवता येईल.

आपली,
एक वाचक, डोंबिवली