शेवटची दोन मिनिटं आणि नंतरची चार

पुणे, रविवार

प्रिय मंदार,

तुझं पत्र मिळालं. घरी कढईत कॉफीच्या बिया भाजताना घरभर धूर झाला, काकू खोकून खोकून बेजार झाल्या आणि एवढं करून कॉफी काळी आणि कडू झाली. तू विचारतोयस की रंग बरोब्बर पाहून गॅस बंद केला, मग बिया काळ्या झाल्याच कशा? सांगतो. तुझं भाजणं बहुधा ठीकच असावं. घोळ झालाय तो गॅस बंद केल्यानंतर.

कॉफीची बी फर्स्ट क्रॅकला, म्हणजे पहिल्या तडतडीला, पोचते तेव्हा तिचं तापमान साधारण २०० अंशांच्या आसपास असतं. सेकंड क्रॅक सुरू होतो २२५ च्या आगेमागे. म्हणजे मध्यम भाजणी आणि काळी भाजणी यांत अंतर फक्त २०-२५ अंशांचं आहे, आणि तू बिया ठेवल्यास त्या त्याच जाड लोखंडी कढईत! कढई बियांपेक्षा गरम असते, आणि गॅस बंद झाला म्हणून ती लगेच निवत नाही. त्यात पहिल्या तडतडीपासून बी स्वतःही थोडी उष्णता सोडायला लागते. फोडणी करून गॅस बंद केला तरी कढईतली मोहरी तडतडत राहते, तसंच हे. म्हणून बिया हव्या त्या रंगाच्या एक पायरी आधीच कढईतून बाहेर पडल्या पाहिजेत आणि तीन-चार मिनिटांत हाताला कोमट लागल्या पाहिजेत. हळूहळू निवलेली कॉफी जळली नाही तरी तिची चव बसते. आंबटगोड धार जाते आणि नुसता भाजका वास उरतो.

पुढच्या वेळी २५० ग्रॅम घेऊ नकोस, १५० ग्रॅमच घे. बिया कमी असल्या की धूर कमी, फोलपटं कमी आणि निवणंही पटकन. तुझ्याकडे चिकमगळूरची प्लँटेशन ए आहे, ती धुतलेली कॉफी, त्यामुळे तिला पापुद्रा त्या मानाने कमी सुटतो. मॉन्सून्ड मलबार किंवा फळासकट वाळवलेली चेरी आणलीस तर फोलपटांचा पाऊस पडेल, ती सध्या लांबच ठेव.

गॅस पेटवायच्या आधी गार करायची मांडामांड झालेली हवी. गहू चाळायच्या दोन मोठ्या स्टीलच्या चाळण्या काढ. पिठाची चाळणी नको, तिच्या बारीक जाळीतून वारा जातच नाही. प्लॅस्टिकची तर अजिबात नको, वितळेल. खाली मोठी परात. टेबलफॅन असा ठेव की वारा चाळणीवरून खिडकीकडे जाईल, पण सुरू करू नकोस. ओट्याखालची आणि खिडकीजवळची फरशी ओल्या फडक्याने पुसून घे. फोलपट हलकं असतं, कोरड्या फरशीवर पंख्याच्या झोताने हॉलपर्यंत जातं. ओलसर फरशीला चिकटून बसतं. वर्तमानपत्र मात्र अंथरू नकोस. कढईतून कधीकधी धुमसतं फोलपट येतं आणि कागदाला तेवढं पुरतं.

आता १५० ग्रॅमची गोष्ट क्रमाने. मध्यम आचेवर सतत हलवत राहिलास तर पाच-सहा मिनिटांत बिया पिवळ्या होतात, भाजक्या धान्यासारखा वास येतो आणि पापुद्रा सुटायला लागतो. सुटलेला पापुद्रा कढईच्या तळाशी बसतो, तिथे जळतो आणि तोच धूर बियांना लागतो. जो राखेसारखा वास तुला कपात आला, त्यात याचा वाटा असणार. अधूनमधून कढई किंचित तिरकी करून बिया एका बाजूला घे आणि तळाची फोलपटं झाऱ्याने ओढून परातीत टाक. कढईत फुंकर घालू नकोस, ती उडून थेट बर्नरवर जातात आणि पेटतात. दहाव्या मिनिटाच्या आसपास फर्स्ट क्रॅक ऐकू येईल, मक्याच्या लाह्यांसारखा ठळक. तो सुरू झाल्यावर दीड ते दोन मिनिटांत, तडतड विरळ व्हायला लागली की गॅस बंद. सेकंड क्रॅकची वाट पाहू नकोस. तो आवाज बारीक असतो, चुलीतल्या काटक्यांसारखा, आणि तिथून पुढे धूर एकदम दाट आणि निळसर होतो. तुझ्या घरात भरला तो बहुतेक या शेवटच्या टप्प्याचा. फिल्टर कॉफीसाठी अगदी काळी भाजणी हवीच असेल तर विकत आण. फ्लॅटच्या स्वयंपाकघरात ती करू नये असं माझं स्पष्ट मत आहे.

गॅस बंद केलास की त्याच दमात बिया पहिल्या चाळणीत ओत आणि मग पंखा लाव. हा क्रम उलटा करू नकोस. ज्योत चालू असताना पंखा लावला तर ज्योत विझून गॅस नुसता बाहेर येत राहू शकतो, किंवा फोलपटं ज्योतीत जातात. आता चाळणी हलवत राहा. अर्ध्या मिनिटाने बिया दुसऱ्या, गार चाळणीत टाक, कारण पहिलीचं स्टील एव्हाना तापलेलं असतं. मग वीतभर उंचीवरून या चाळणीतून त्या चाळणीत ओतत राहा. प्रत्येक ओतीला बिया हवेतून जातात, फोलपट उडतं आणि थर पातळ राहतो. थर एक-दोन बियांपेक्षा जाड झाला की मधल्या बिया एकमेकींना भाजत बसतात. कान दे: चाळणीत आल्यावर अर्ध्या मिनिटानंतरही तडतड चालू असेल तर तू उशिरा उतरवल्यास किंवा वारा कमी पडतोय. दोन-तीन मिनिटांनी मूठभर बिया हातात धर. धरून ठेवता आल्या की झालं.

पाणी शिंपडायचा मोह होईल, तो आवर. मोठ्या कारखान्यांत मोजून फवारा मारतात, तो वाफ होऊन जातो. आपल्या हातून बिया भिजतात आणि लवकर शिळ्या होतात. फ्रिजमध्येही ठेवू नकोस, थराच्या आत वारा पोचत नाही आणि ओल धरते. गार झाल्यावर वजन कर. १५० चे १२७-१२८ ग्रॅम भरले तर पंधरा टक्के घट, म्हणजे मध्यम भाजणी. १२२ च्या खाली गेलं तर तू म्हणशील त्यापेक्षा पुढे गेलीय, रंग काहीही दिसो.

उरलेली फोलपटं सुपात पाखड, आणि काकूंकडून पाखडून घे, तुझ्यापेक्षा त्यांचा हात बरा असणार. पण बिया पूर्ण गार झाल्यावरच, बांबूच्या सुपात गरम बिया ओतायच्या नाहीत. बीच्या मधल्या चिरेत अडकलेला पापुद्रा राहू दे, त्याने काही बिघडत नाही. गोळा केलेली फोलपटं लगेच कचऱ्याच्या पिशवीत नकोत. झाकणाच्या स्टीलच्या डब्यात रात्रभर ठेव, सकाळी कुंड्यांत टाक. व्हॅक्यूम क्लीनर तर गरम फोलपटांजवळ आणूच नकोस. आतल्या पिशवीत एक ठिणगी धुमसत राहिली तर बाहेरून कळतही नाही. कढईत पेट घेतलाच तर गॅस बंद कर, वर बसेल असं झाकण ठेव आणि लांब उभा राहा. पाणी ओतलंस तर वाफ आणि जळते तुकडे अंगावर येतील. हे झाकण आधीपासून ओट्यावर हवं.

आता धूर. तू लिहितोस चिमणी लावली होती. ती चिमणी पाइपने बाहेर सोडणारी आहे की हवा गाळून परत खोलीत फेकणारी? भाड्याच्या घरांत पुष्कळदा दुसरी असते. ती तेल अडवते, थोडा वास कमी करते, पण त्या धुरातले वायू, कार्बन मोनॉक्साइडसकट, खोलीतच राहतात. पहिली असली तरी जाळी आधी धुऊन घे. तेलकट जाळीवर कोरडी फोलपटं अडकणं म्हणजे आगीला आमंत्रणच.

खिडकीत एक्झॉस्ट फॅन आहे ना, मुख्य काम तोच करेल. गॅस पेटवायच्या पाच मिनिटं आधी लाव. पण त्याला बाहेर फेकायला हवा आत यायलाही हवी, नाहीतर तो नुसता घुमत बसतो. स्वयंपाकघराचं दार एक बोटभर उघडं ठेव आणि पलीकडच्या खोलीची एक खिडकी उघड. बाकीच्या सगळ्या उघडल्यास तर वारा उलटा फिरून धूर घरात ढकलतो. उदबत्ती पेटवून दाराच्या फटीजवळ धर: धूर आत, ओट्याकडे वळला पाहिजे. मग कढई ठेवायच्या जागी धर, तो सरळ फॅनकडे ओढला गेला पाहिजे. मध्येच छताला जाऊन पसरत असेल तर भाजायला सुरुवातच करू नकोस, दाराची फट कमी-जास्त करून पाहा. बाथरूममध्ये गॅस गिझर असेल तर तो त्या वेळात पूर्ण बंद. एक्झॉस्टच्या ओढीने त्याचा धूरही घरात येऊ शकतो, आणि त्याला वास नसतो.

फॅन भाजल्यानंतरही पंधरा-वीस मिनिटं चालू ठेव. काकूंना तोवर दार लावून लांबच्या खोलीत बसव, किंवा सरळ त्या फिरायला गेल्या की भाज. कापडी मास्कने धूर अडत नाही. एन-९५ कण अडवतो, वायू नाही. बाल्कनीचा विचार लिहिला आहेस, पण तुझ्या वरच्या मजल्यावर साड्या वाळत असतात हे मी पाहिलंय. तिथे वाऱ्याने आचही धड राहत नाही. बिया निववायला मात्र बाल्कनी उत्तम.

आणि पुतणीचे लव्हबर्ड्स तुझ्याकडे असतील तेव्हा भाजणं बंद. पक्ष्यांना हा धूर सोसत नाही. कढईऐवजी नॉनस्टिक पॅन घेतलास तर आणखी वाईट, तापलेल्या लेपाच्या वाफेने पक्षी मरतात.

गार बिया लगेच घट्ट बरणीत कोंडू नकोस, त्यांतून कार्बन डायऑक्साइड निघत असतो. झाकण सैल ठेवून दिवसभर थांब, मग बंद कर. पावसाळ्यात मात्र उघड्या परातीत पसरून ठेवू नकोस, हवेतली ओल खेचतात. चार-पाच दिवसांनी दळ.

पुढच्या वेळी क्रॅक कधी सुरू झाला, गॅस कधी बंद केलास आणि शेवटी वजन किती भरलं, एवढे तीन आकडे लिहून कळव. त्यावरून आच वाढवायची की कमी करायची ते सांगता येईल. आणि चिमणीचा पाइप बाहेर जातो का तेही पाहून लिही.

काकूंना माझा नमस्कार सांग.

तुझा,
सुहास