मऊ वरणभात, मिक्सर न लावता

नाशिक

प्रिय मेघा,

चिनू चौदा महिन्यांचा झाला तरी सासूबाई त्याचं जेवण मिक्सरमधूनच काढतात, असं तू फोनवर म्हणालीस. त्यांची भीती मला कळते. पण आता त्याला मिक्सरची गरज नाही. दाढा आल्या नसल्या तरी हिरड्यांनी तो मऊ भात छान चिरडेल आणि त्यातूनच चावायला शिकेल. शिवाय मिक्सरमध्ये भाताची खळ होते. ती टाळ्याला चिकटते आणि पोरं तोंड फिरवतात.

मी करते ते असं. दोन मोठे चमचे आंबेमोहोर किंवा इंद्रायणी तांदूळ आणि एक मोठा चमचा मुगाची डाळ अर्धा तास भिजवायची. पाणी धान्याच्या पाचपट, म्हणजे साधारण दीड वाटी. चिमूटभर हळद घालून खोलगट भांड्यात कुकरला लावायचं. भांडं अर्धंच भरलेलं बरं, नाहीतर उतू जातं. चार-पाच शिट्ट्या झाल्या की दहा मिनिटं मंद आच. वाफ आपोआप जिरू दे.

झाकण काढल्याबरोबर, गरम असतानाच पळीच्या पाठीने घोट. गार झाला की शितं घट्ट होतात आणि मग गाठी काही मोडत नाहीत. झालं की नाही ते बोटांनीच बघायचं: एक शीत अंगठा आणि तर्जनीत दाब, मध्ये कणी लागली तर थोडं गरम पाणी घालून परत शिजव. मग चमचा तिरका कर. गोळा सावकाश घसरून पडला पाहिजे. पाण्यासारखा ओघळला तर पातळ आहे, नुसत्या पाण्याने पोट भरेल. (डाळीचं वरचं पाणी पाजायचा आग्रह कोणी धरला तर हसून सोडून दे, खरा कस खाली डाळीतच असतो.) अजिबात पडलाच नाही तर गरम पाणी घाल, ताटलीत तो आणखी आळतोच.

वरून अर्धा चमचा साजूक तूप, भाजलेल्या जिऱ्याची पूड आणि हिंग अगदी नखभर. अख्खी मोहरी, अख्खं जिरं, कढीपत्त्याचं पान, मिरची यातलं काही नको. मीठ नावालाच, घरच्या वरणात मीठ-तिखट पडायच्या आधी त्याचं वेगळं काढून ठेवलंस की झालं. लिंबाचे दोन थेंब मात्र पिळ, डाळीतलं लोह अंगी लागतं.

भरवताना त्याला ताठ बसव, खेळता-पळता घास नको. सुरुवातीला एखाद्या शिताने ओकारी काढेल, खोकेल. आवाज येतोय तोवर घाबरू नकोस, तो स्वतःच घास पुढे आणतोय. आवाज बंद झाला, श्वास येईना, तर मात्र तो घास अडकलाय. लगेच पालथा धरून पाठीवर थापट्या द्यायच्या. त्या कशा द्यायच्या हे बालरोगतज्ज्ञांकडून घरातल्या सगळ्यांनी एकदा शिकून घ्या, सासूबाईंनीसुद्धा.

आणि उरलेला भात संध्याकाळपर्यंत ओट्यावर ठेवू नकोस. तूच खाऊन टाक, तूप घातलेला आहे!

तुझी,
वैशू